रकान्यातला '४' कुठून येतो? गल्फ कॅनडा ते आजची जोखीम-नोंदवही

एखाद्या बँकेची किंवा मोठ्या कंपनीची जोखीम-नोंदवही, म्हणजे रिस्क रजिस्टर, कधी हातात आली तर तिच्यात एक रकाना नक्की दिसेल: 'नियंत्रण किती परिणामकारक?' त्याखाली आकडे असतात. ४, ३, ५, परत ४. संशोधनासाठी डेटा शोधणाऱ्या माणसाला हे आकडे फार मोहात पाडतात, कारण ते सुबक असतात, दरवर्षी येतात आणि सरळ एक्सेलमध्ये टाकता येतात. पण त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. हा '४' दिला कोणी?

बऱ्याचदा उत्तर असं असतं की ज्या विभागाची जोखीम, त्याच विभागातल्या लोकांनी. त्यांना एका खोलीत बसवलं, चर्चा घडवून आणली आणि स्वतःच्याच कामाला गुण द्यायला लावले. या पद्धतीला कंट्रोल सेल्फ-असेसमेंट म्हणतात, थोडक्यात सीएसए. बँकांमध्ये तिचंच भावंड आरसीएसए या नावाने वावरतं. आपण तिला 'नियंत्रण स्वमूल्यमापन' म्हणू.

पहिल्यांदा ऐकलं की कोणालाही वाटतं, ही काय पद्धत झाली? विद्यार्थ्यानेच स्वतःचा पेपर तपासायचा? पण ही पद्धत काढली ती आळशी व्यवस्थापकांनी नाही. ती काढली ऑडिटरांनी, आणि तीही नेहमीचं ऑडिट कमी पडलं म्हणून. ते का कमी पडलं हे समजलं की आजच्या रकान्यातला '४' कसा वाचायचा हेही समजतं. म्हणून आज इतिहासातून जाऊ.

१९८७: कागद बरोबर, तरी उत्तर चूक

गोष्ट कॅनडाची आहे. गल्फ कॅनडा ही तेल आणि नैसर्गिक वायू काढणारी कंपनी. तिच्या अंतर्गत ऑडिट विभागाने १९८७ मध्ये ही पद्धत सुरू केली, असं या विषयाच्या इतिहासात सर्वत्र नोंदलेलं आहे. ब्रूस मॅक्यूएग, पॉल मॅकोश आणि टिम लीच ही त्या प्रयोगाशी जोडलेली नावं. त्या वेळी कंपनीपुढे दोन अडचणी होत्या. एक, न्यायालयीन तडजोडीच्या हुकुमानुसार तिला आपल्या अंतर्गत नियंत्रणांबद्दल अहवाल देणं भाग होतं. दोन, तेल आणि वायूच्या मोजमापातले काही प्रश्न नेहमीच्या ऑडिटने सुटत नव्हते.

पहिल्या अडचणीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत अनेक मोठ्या कंपन्यांनी गुपचूप राजकीय देणग्या आणि लाच दिल्याचं उघड झालं. त्यातून १९७७ मध्ये फॉरेन करप्ट प्रॅक्टिसेस ॲक्ट हा कायदा आला. त्याने फक्त लाचेला बंदी केली नाही, तर शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांनी हिशोबावर पुरेशी अंतर्गत नियंत्रणं ठेवली पाहिजेत असंही सांगितलं. म्हणजे 'तुमची नियंत्रणं ठीक आहेत का?' हा प्रश्न आता बाहेरून विचारला जाऊ लागला होता, आणि त्याला उत्तर देणं सक्तीचं होत होतं.

आपल्या कामाची आहे ती दुसरी अडचण. त्यासाठी विहिरीतून येणारा वायू मोजतात कसा, हे पाहावं लागेल. थोडं तांत्रिक आहे, पण सगळं मर्म तिथेच आहे.

पाइपमध्ये पोलादाची एक चकती आडवी बसवतात. तिला मधोमध ठरावीक मापाचं भोक असतं. तिला ऑरिफिस प्लेट म्हणतात. वायू त्या भोकातून जाताना चकतीच्या अलीकडे दाब जास्त आणि पलीकडे कमी राहतो. या दाबातल्या फरकावरून वायू किती गेला हे गणिताने काढतात. त्या काळी हा फरक बहुतेक वेळा गोल कागदी तक्त्यावर पेनाच्या रेघेने उमटायचा. तक्ते ऑफिसात जायचे आणि तिथे वाचून त्यांचा हिशोब व्हायचा.

आता यात मेख कुठे आहे? गणितात भोकाचं माप घालावं लागतं आणि प्रवाह ढोबळमानाने त्या मापाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. विहीर जुनी झाली, वायू कमी येऊ लागला, की तंत्रज्ञ मोठ्या भोकाची चकती काढून लहान भोकाची बसवतो. समजा ५० मिलिमीटरची काढून ४५ ची बसवली. ऑफिसला हे कळलं नाही आणि हिशोब ५० वरच चालू राहिला, तर वहीत १०० एकक दिसतात तेव्हा खरा वायू सुमारे ८१ च असतो. मीटर बिघडलेलं नाही, तक्ता खोटा नाही, बेरीजही बरोबर आहे. तरी उत्तर चूक.

मग ही चूक बेरजेत पकडली जायला नको का? तिथेही एक अडचण आहे. अनेक विहिरींचा वायू एका ठिकाणी गोळा होतो आणि तिथे तो परत एकदा मोजला जातो. विहिरींची बेरीज आणि या मोजणीत थोडा फरक नेहमीच राहतो. तो सगळ्या विहिरींवर प्रमाणात वाटून टाकतात. याला प्रोरेशन म्हणतात. समजा पाच विहिरी आहेत, वहीत प्रत्येकीचे १००, म्हणजे एकूण ५००. एका विहिरीचे खरे ८१ च आहेत, त्यामुळे पुढच्या मोजणीत ४८१ येतात. मग प्रत्येक विहिरीला ०.९६२ ने गुणतात. प्रत्येकीच्या नावावर ९६.२ लागतात आणि बेरीज ४८१ बरोब्बर जुळते! बिघडलेल्या विहिरीला १५ एकक फुकटचे मिळाले आणि चांगल्या चार विहिरींचे प्रत्येकी ३.८ गेले. विहिरींचे मालक वेगवेगळे असले, किंवा रॉयल्टी वेगवेगळ्या लोकांना जात असली, तर ही चूक म्हणजे एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलेले पैसे.

नेहमीचा ऑडिटर इथे काय करणार? तो ऑफिसात येणार, वह्या मागणार, बेरजा ताडून पाहणार, सह्या आहेत का बघणार. सगळं जुळतं. चकती बदलली ही माहिती मुळात कागदावर आलेलीच नाही, ती तंत्रज्ञाच्या डोक्यात किंवा त्याच्या खिशातल्या डायरीत आहे. ऑफिसातल्या माणसाला 'माझ्याकडे फॉर्म आला तर मी माप बदलतो' एवढंच माहीत आहे. दोघं कधी एका टेबलाशी बसलेलेच नाहीत.

या प्रकारच्या प्रश्नासाठी गल्फ कॅनडाच्या ऑडिटरांनी संबंधित कर्मचारी आणि व्यवस्थापक यांना एकत्र बसवायला सुरुवात केली. ऑडिटरची भूमिका बदलली. तो तपासनीस राहिला नाही, तर चर्चा चालवणारा, म्हणजे फॅसिलिटेटर झाला. प्रश्न असे: तुमच्या कामाचं उद्दिष्ट काय? ते कशामुळे हुकू शकतं? ते हुकू नये म्हणून आज तुम्ही काय करता, आणि ते खरंच चालतं का?

इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या भाषेत सांगायचं तर पुराव्याचा प्रकारच बदलला. आतापर्यंत ऑडिटचा पुरावा म्हणजे दस्तऐवज. आता त्यात साक्ष आली. आणि साक्ष आली की साक्षीदार किती विश्वासाचा, हा प्रश्न तिच्याबरोबर आलाच.

पद्धत पसरली कशी

मॅकोश आणि मॅक्यूएग यांनी १९९० मध्ये या अनुभवावर व्यावसायिक नियतकालिकांत लिहिलं आणि पद्धत गल्फच्या बाहेर पडली. १९९२ मध्ये अमेरिकेत कोसो या समितीचा अंतर्गत नियंत्रणाचा आराखडा आला. त्याने प्रामाणिकपणा, नैतिक मूल्यं, वरिष्ठांची वृत्ती यांनाही 'नियंत्रण' म्हटलं. ही गोष्ट छोटी वाटते, पण तिने सीएसएला मोठा आधार दिला. साहेबांसमोर वाईट बातमी सांगता येते की नाही, हे कुठल्या व्हाउचरवर दिसणार? ते लोकांनाच विचारावं लागतं. १९९५ मध्ये कॅनडाच्या सनदी लेखापालांच्या संस्थेचा 'कोको' नावाचा आराखडा आला, तोही याच दिशेचा. १९९९ मध्ये अंतर्गत ऑडिटरांच्या जागतिक संस्थेने, म्हणजे आयआयएने, सीएसएसाठी वेगळं प्रमाणपत्र सुरू केलं. बारा वर्षांत एका कंपनीतला प्रयोग हा एक व्यवसाय झाला होता.

याच काळात कार्यशाळेत एक छोटं यंत्र आलं: गुप्त मतदानाचं कीपॅड. प्रत्येकाच्या हातात एक. विधान पडद्यावर येतं, प्रत्येकजण १ ते ५ मधला आकडा दाबतो आणि कोणी किती दिले हे न कळता मतांचा पसारा सगळ्यांना दिसतो. साहेब खोलीत असतानाही कनिष्ठाला १ दाबता यावा यासाठीची ही सोय.

पण एक प्रश्न शिल्लकच होता. लोकांनी दिलेल्या गुणांवर विश्वास किती ठेवायचा, आणि तो ठेवण्याआधी ऑडिटरने नेमकं काय करायचं?

एक कार्यशाळा, एक पडताळणी

हे उदाहरणाने पाहू. खालची कार्यशाळा मी समजावण्यासाठी रचलेली आहे, आकडे माझे आहेत. मोजमापाची रीत मात्र वर सांगितलीय तीच.

वायू मोजणाऱ्या एका विभागातले दहाजण बसले आहेत: क्षेत्रावरचे चार ऑपरेटर, दोन उपकरण-तंत्रज्ञ, उत्पादनाचा हिशोब ठेवणारे तिघं आणि एक पर्यवेक्षक. उद्दिष्ट ठरलं: प्रत्यक्ष आलेला वायू आणि वहीतला वायू एकच असावा. दोन विधानं मतदानाला ठेवली.

पहिलं विधान: 'चकत्यांची तपासणी वेळेवर होते.' मतं अशी आली: ५, ५, ५, ४, ४, ४, ४, २, २, १. सरासरी ३.६.

दुसरं विधान: 'चकती बदलली की नवं माप ऑफिसच्या हिशोबात चढतं.' दहाही जणांनी ४ दिले. सरासरी ४.०.

आता तुम्ही ऑडिटर आहात. पडताळणीसाठी तुमच्याकडे वेळ फक्त एका विधानापुरता आहे. कोणतं घ्याल?

बहुतेकजण पहिलं म्हणतील, कारण तिथे सरासरी कमी आहे आणि मतंही फाटलेली आहेत. पण जरा थांबा. पहिल्या विधानावरचा मतभेद खोलीतच उघडा पडला आहे. फॅसिलिटेटर विचारेल, '१ आणि २ देण्यासारखं काय आहे?' आणि कोणीतरी सांगेल की हिवाळ्यात लांबच्या विहिरींवर कोणी जातच नाही. समस्या कळली, उपाय ठरला. इथे मतांच्या पसाऱ्यानेच काम केलं. ३.६ ही सरासरी मात्र काहीच सांगत नाही. नोंदवहीत फक्त ३.६ उरला आणि तो १ पुसला गेला, तर कार्यशाळेतलं सर्वांत मोलाचं तेवढंच हरवलं.

पडताळणीची खरी गरज आहे ती दुसऱ्या विधानाला. कारणं दोन. इथे चूक झाली तर फटका मोठा, हे आपण ८१ आणि १०० च्या हिशोबात पाहिलंच. आणि या '४' वर विसंबून सगळे पुढे जाणार आहेत, कोणी परत बघणार नाही. ऑडिटमधला एक जुना शहाणपणा असा की मूळ जोखीम मोठी आणि नियंत्रणाला दिलेले गुणही जास्त, अशी जागा आधी तपासायची. तिथे नियंत्रण नसेल तर खाली दुसरा आधार नसतो.

मग एकमताने ४ का आले? कोणी खोटं बोललं का? नाही. तंत्रज्ञाच्या लेखी 'मी फॉर्म पाठवतो, म्हणजे ऑफिसला कळतं.' हिशोबनिसाच्या लेखी 'आलेला प्रत्येक फॉर्म मी चढवतो.' दोघंही खरं बोलतायत आणि दोघंही आपापल्या टोकाला गुण देतायत. मधला रस्ता कोणाचाच नाही, म्हणून त्याला गुण कोणीच दिलेले नाहीत.

पडताळणीची दिशा

आता ऑडिटर नमुना तपासणार. इथे एक गोष्ट अशी आहे की ती चुकली तर पूर्ण पडताळणी वाया जाते.

पहिला मार्ग: ऑफिसातल्या फॉर्मच्या फाइलमधून २० फॉर्म उचलायचे आणि त्यातली मापं हिशोबात चढलीत का बघायचं. निकाल बहुधा २० पैकी २० येईल. हिशोबनीस प्रामाणिक आहेच. ऑडिटर शेरा मारेल: गुण योग्य.

दुसरा मार्ग: तंत्रज्ञांच्या डायऱ्या घ्यायच्या, वर्षभरात जिथे चकती बदलल्याची नोंद आहे अशा २० जागा निवडायच्या आणि तिथून ऑफिसकडे यायचं. समजा १४ जागी माप जुळलं, ६ जागी जुनंच माप चालू आहे. म्हणजे १०० पैकी ३० बदल ऑफिसपर्यंत पोचलेच नाहीत.

विधान तेच, नमुन्याचा आकडाही तोच, पण निष्कर्ष उलटा. कारण उघड आहे: जो फॉर्म आलाच नाही तो ऑफिसच्या फाइलमध्ये सापडणार कसा? 'जे नोंदलंय ते खरं आहे का' हे पाहायचं असेल तर वहीकडून घटनेकडे जायचं. 'जे घडलं ते सगळं नोंदलंय का' हे पाहायचं असेल तर घटनेकडून वहीकडे यायचं. स्वमूल्यमापनाच्या पडताळणीत बहुतेक वेळा दुसरी दिशा लागते, कारण लोकांना जे माहीतच नाही तेच त्यांच्या गुणांतून सुटलेलं असतं.

अजून एक बारीक मुद्दा. डायरीतही नोंद नसेल तर? मग ऑडिटरला कार्यशाळेतल्या किंवा तंत्रज्ञाच्या कुठल्याच कागदावर अवलंबून नसलेला पुरावा लागतो. काही विहिरींवर जाऊन चकती काढून मोजणं, किंवा भांडारातून वर्षभरात किती चकत्या बाहेर गेल्या हे डायरीतल्या बदलांशी ताडून पाहणं. चकत्या ३० गेल्या आणि डायरीत बदल २० च असतील तर उरलेल्या १० कुठे आहेत, हे विचारता येतं.

४ चा २ करायचा कोणी?

सहा चुका सापडल्या. आता ऑडिटरने नोंदवहीतला ४ खोडून २ लिहायचा का?

चांगली रीत अशी की खोडायचं नाही. पुरावा घेऊन त्याच गटाकडे परत जायचं, सहा जागा दाखवायच्या आणि परत गुण द्यायला सांगायचं. अहवालात दोन्ही आकडे राहतात: गटाने आधी दिलेला ४, पडताळणीनंतरचा २. गटाने दुसऱ्यांदाही ४ च दिला, तर ऑडिटर आपलं वेगळं मत नोंदवतो आणि तो मतभेद वरपर्यंत जातो. या दोन आकड्यांमधली फट हाच खरा निष्कर्ष, कारण विभागाला स्वतःबद्दल किती कळतं हे तीच सांगते. आणि सहा जागांचा उपाय तर त्या खोलीतच निघतो: फॉर्मला क्रमांक द्या, महिन्याअखेर डायरी आणि फॉर्म ताडून बघा.

ऑडिटरने फट बघून विभागाला झोडपलं, तर पुढच्या वर्षी काय होईल हे सांगायला नको. प्रत्येक विधानाला ३ येतील. ३ हा आकडा फार सोयीचा असतो. त्याने ना कौतुक होतं ना चौकशी. म्हणून वर्षावर्षाचे गुण बघताना पसारा आकसत चाललाय का, सगळं मधल्या आकड्यावर गोळा होतंय का, हे तपासावं. बऱ्याचदा हे सुधारणेचं नाही, घाबरल्याचं लक्षण असतं.

आणखी एक अडचण पद्धतीच्या मुळातच आहे. कार्यशाळा चालवणारा ऑडिटर आणि तिचे निकाल तपासणारा ऑडिटर एकच असेल, तर तो स्वतःच्याच कामाची पडताळणी करतोय. त्यामुळे ही दोन कामं वेगवेगळ्या माणसांकडे देणं बरं. हळूहळू अनेक संस्थांनी, विशेषतः बँकांनी, कार्यशाळा जोखीम-व्यवस्थापन विभागाकडे सोपवली आणि ऑडिटकडे फक्त पडताळणी ठेवली. यात ऑडिटचं स्वातंत्र्य वाचतं. पण गल्फच्या प्रयोगातला ऑडिटर खोलीत बसून जे ऐकत होता, ते त्याला आता ऐकू येत नाही. त्याच्या हाती येतात ते फक्त आकडे.

आणि काही गोष्टींचा नमुना काढताच येत नाही. 'वाईट बातमी वरपर्यंत पोचते' या विधानाची २० उदाहरणं कुठून आणणार? इथे ऑडिटर आडून जातो. गेल्या वर्षीचे अपघात, तोटे, तक्रारी काढतो आणि त्यातल्या किती गोष्टी विभागाने स्वतः आधी कळवल्या होत्या, किती बाहेरून कळल्या, हे मोजतो. सगळ्या बाहेरूनच कळल्या असतील तर त्या विधानाला मिळालेल्या ५ चा अर्थ वेगळा होतो.

साक्षीचं वजन

२००२ मध्ये अमेरिकेत एनरॉन आणि वर्ल्डकॉमनंतर सारबेन्स-ऑक्सली कायदा आला. त्याच्या ४०४ व्या कलमाने व्यवस्थापनाला दरवर्षी आर्थिक अहवालांवरच्या नियंत्रणांचं मूल्यमापन जाहीर करायला लावलं. स्वमूल्यमापन इथे पुरावा म्हणून चालेल का, हा प्रश्न मग टाळता येण्यासारखा नव्हता. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २००७ च्या मार्गदर्शनात त्यावर शांतपणे उत्तर दिलं. 'स्वमूल्यमापन' हा शब्द फार सैल आहे, असा त्याचा आशय. नियंत्रण स्वतः चालवणाऱ्याने दिलेलं मत आणि ते न चालवणाऱ्या व्यवस्थापकाने दिलेलं मत, दोन्हींना हाच शब्द लागतो. पण पहिल्यात तटस्थता कमी, म्हणून पुरावा म्हणून त्याचं वजनही कमी. ते टाकून द्यायचं नाही, पण जोखीम मोठी असेल तर त्याला थेट चाचणीची जोड द्यायची.

इतिहासाच्या पद्धतिशास्त्राचा पेपर दिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. घटनेतल्या माणसाची बखर आपण टाकून देत नाही. त्याला काय दिसू शकत होतं आणि त्याचा हितसंबंध काय होता, हे विचारून वाचतो.

बँकांमध्ये हितसंबंधाचा प्रश्न आणखी टोकदार झाला. बासेल समितीने २००३ मध्ये परिचालन जोखमीवर, म्हणजे माणसं, प्रक्रिया आणि यंत्रणा यांच्यातून उद्भवणाऱ्या जोखमीवर, मार्गदर्शन केलं. त्यात स्वमूल्यमापन हे जोखीम ओळखण्याचं एक साधन म्हणून आलं. रिझर्व्ह बँकेच्या २००५ च्या मार्गदर्शक टिपणातून ते भारतातल्या बँकांपर्यंत पोचलं, म्हणजे मुंबईतल्या बँक मुख्यालयांपर्यंतही. पुढे बासेल-२ च्या प्रगत पद्धतीत बँकेने किती भांडवल राखायचं या गणितात जे चार घटक होते, त्यांत अंतर्गत नियंत्रणाची स्थिती हा एक होता, आणि स्वमूल्यमापनाचे गुण तिथे वापरले जात. म्हणजे चर्चा घडवण्यासाठी जन्मलेल्या आकड्यावर आता पैसे अवलंबून राहू लागले. ज्या गुणाने भांडवल वाचतं तो गुण वर सरकायला कोणाचीच हरकत नसते. ती प्रगत पद्धत बासेल समितीने २०१७ मध्ये रद्द केली. कारणं अनेक होती, त्यांत बँकांच्या स्वतःच्या मॉडेलांतली गुंतागुंत आणि तुलना न करता येणं ही मुख्य. कार्यशाळा मात्र राहिल्या.

तुमच्या हातात नोंदवही आली तर

आता सुरुवातीच्या '४' कडे वळू. संशोधनासाठी असा डेटा मिळाला तर त्याच्या सरासऱ्या काढण्याआधी संस्थेकडून चार गोष्टी मागा. कार्यशाळेला कोण कोण हजर होतं आणि साहेब खोलीत होते का. मतदान गुप्त होतं का, आणि प्रत्येक मत जपून ठेवलंय की फक्त सरासरी. पडताळणी कोणी केली, म्हणजे कार्यशाळा चालवणाऱ्यानेच की दुसऱ्या कोणी, आणि नमुना वहीतून घेतला की घटनेपासून. शेवटी, पडताळणीआधीचा आणि नंतरचा आकडा दोन्ही आहेत का.

ही उत्तरं मिळाली तर तुमच्याकडे फार चांगली सामग्री आहे. एखादा विभाग स्वतःला कसा बघतो आणि प्रत्यक्षात तो कसा आहे, या दोन्हीची एकाच जागी, वर्षानुवर्षांची नोंद तुम्हाला सहसा दुसरीकडे मिळणार नाही. ती फट हाच तुमचा चल असू शकतो, गुण नव्हे. उत्तरं मिळाली नाहीत, फक्त शेवटचे आकडेच मिळाले, तर त्या रकान्याला 'नियंत्रणाची परिणामकारकता' असं नाव देऊ नका. तुमच्या प्रबंधात त्याचं नाव एवढंच ठेवा: 'विभागाने स्वतःबद्दल सांगितलेलं'. तेवढंच तुम्हाला त्यातून ठामपणे म्हणता येतं.